चौकटी सोप्या, बाण अवघड

टेबलावर सहा दगड. पहिला रस्त्याच्या कामावरून उचललेला खडीचा तुकडा, काळा आणि जड. दुसरा कोकणातून आणलेल्या जांभ्याच्या चिऱ्याचा ढलपा, भोकाभोकांचा, हात लावला की तांबडी पूड लागणारा. तिसरा जुन्या घराची जमीन उकरताना निघालेला शहाबादी फरशीचा तुकडा. मग देव्हाऱ्याच्या कामातून उरलेला संगमरवर, ओट्याचा गुलाबी ठिपक्यांचा ग्रॅनाईट आणि शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेली, कोपरा उडालेली दगडी पाटी. खडकांच्या चक्रावर नववीसाठी कार्यपत्रिका करायची असेल तर ती पुस्तकातल्या व्याख्येपासून नव्हे, या सहा दगडांपासून सुरू करावी. पहिला प्रश्न एवढाच: कोण कोणत्या चौकटीत?

पाच दगड फारशी कुरकुर न करता बसतात. खडी बेसॉल्टची, म्हणजे लाव्हारस थिजून झालेली. ओट्याचा ग्रॅनाईटही अग्निजच. पण तो जमिनीखाली अतिशय सावकाश गोठला, म्हणून त्याचे गुलाबी, पांढरे, काळे कण साध्या डोळ्यांना सुटे दिसतात. बेसॉल्ट उघड्यावर भराभर गोठला, त्याच्या कणांना वाढायला सवडच मिळाली नाही. शहाबादी हा चुनखडक, जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला, म्हणून स्तरित. संगमरवर म्हणजे उष्णतेत आणि दाबात सापडलेला चुनखडक. आणि पाटी म्हणजे दाबला गेलेला, पत्र्यापत्र्यांनी सुटणारा चिखलाचा खडक. आंध्रातले मार्कापूर अशा पाट्यांसाठी प्रसिद्ध होते. दोन्ही रूपांतरित. राहिला जांभा. तो तूर्त टेबलाच्या कडेला ठेवायचा.

इथे शिक्षकाने दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे दुकानातली नावे. फरशीवाल्याकडे जो जो कठीण आणि चकचकीत दगड, तो तो ‘ग्रॅनाईट’. त्यातला ‘काळा ग्रॅनाईट’ बहुतेक वेळा ग्रॅनाईट नसतोच, बेसॉल्टच्या कुळातला पण जमिनीखाली गोठलेला खडक असतो. म्हणून वर्गात ठिपक्यांचाच तुकडा न्यावा. दुसरी गोष्ट लिंबाच्या रसाची. शहाबादीवर खिळ्याने ओरखडा काढून पडलेल्या पुडीवर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात आणि मुले खूश होतात. पण संगमरवराच्या पुडीवरही तसेच बुडबुडे येतात, कारण खनिज एकच. या चाचणीने चुना ओळखता येतो, चौकट नाही. चौकट ओळखायची तर तुकडा उन्हात धरून फिरवावा. संगमरवर साखरेसारखा लुकलुकतो, शहाबादी मंदच राहते.

चौकटींचे काम इथे संपले. खरी कार्यपत्रिका बाणांपासून सुरू होते.

खडकचक्राची आकृती बहुतेकांच्या डोक्यात गोल असते. वर अग्निज, उजवीकडे स्तरित, खाली रूपांतरित आणि घड्याळाच्या काट्यासारखे एकाच दिशेने फिरणारे तीन बाण. काढायला सोपी, पाठ व्हायला त्याहून सोपी आणि निम्मी चुकीची. अग्निज खडकाला स्तरित होण्याचा वळसा घेतल्याशिवाय रूपांतरित होता येते. रूपांतरित खडक उघडा पडून झिजू शकतो. स्तरित खडक झिजून पुन्हा गाळ आणि पुन्हा स्तरित, असे कित्येकदा होते. शिवाय या गोलात एक प्रश्न कोणी विचारतच नाही: हे सगळे ढकलते कोण? खोल पुरलेला खडक डोंगरमाथ्यावर कसा येतो, आणि समुद्रतळाचा गाळ भाजून निघण्याइतका खोल कसा जातो?

पुस्तकांत हा प्रश्न मधल्या फटीत पडतो, आणि त्याला इतिहास आहे. खडक झिजतात, त्यांच्या गाळातून नवे खडक होतात आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता ते पुन्हा वर उचलते, ही मांडणी स्कॉटलंडच्या जेम्स हटनने १७८५ साली एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीपुढे केली. ते उचलणे नेमके कसे होते, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. भूपट्टांची कल्पना नीट उभी राहिली १९६० नंतरच्या दशकात. दोन कल्पनांमध्ये पावणेदोनशे वर्षांचे अंतर. आपल्या अभ्यासक्रमात ते अंतर तीन वर्षांवर आले आहे, इतकेच: खडकांचे प्रकार सहावीत, भूपट्ट आणि अंतर्गत हालचाली नववीत. नववीचा विद्यार्थी दुसरा धडा उघडतो तेव्हा पहिला विसरलेला असतो.

म्हणून या कार्यपत्रिकेचा नियम असा, की प्रत्येक बाणावर दोन ओळी लिहायच्या. काळ्या शाईने खडकाचे काय होते ते, आणि लाल शाईने भूपट्टाचे कोणते काम त्याला कारण आहे ते. काळी ओळ बहुतेकांना येते. लाल ओळीपाशी पेन थांबते.

टेबलावरची खडीच घेऊ. ज्या लाव्हारसातून ती झाली, तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरला. एका डोंगराच्या तोंडातून नव्हे, जमिनीला पडलेल्या लांबलांब भेगांतून, थरावर थर. घाटातून उतरताना कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते हे थर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग या खडकाखाली आहे. काळ्या शाईची ओळ सोपी: शिलारस वर आला, गोठला, बेसॉल्ट झाला. पण शिलारस आला कुठून? वर्गात हमखास येणारे उत्तर म्हणजे, पृथ्वीच्या आत सगळा लाव्हा भरलेला आहे, त्यातला थोडा बाहेर आला. हे उत्तर चूक आहे, आणि चूक मोलाची आहे. भूकवचाखालचे प्रावरण घन आहे. ते अतिशय सावकाश वाहते, पण द्रव नाही. भूकंपाच्या ज्या आडव्या हेलकाव्याच्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या प्रावरणातून आरपार जातात. पुरावा तोच.

मग घन खडक वितळतो कसा? इथे स्वयंपाकघर कामाला येते. कुकरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही, कारण आत दाब असतो. झाकण घाईने सैल केले तर तेच पाणी, आणखी आच न लावता, एकदम उसळते. प्रावरणातला तापलेला खडक खालून वर येऊ लागला की त्याच्यावरचा दाब उतरतो, आणि तापमान न वाढताही त्याचा थोडासा भाग वितळतो. दख्खनखाली असाच एक तप्त स्तंभ होता. आज तो हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन बेटाखाली आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे.

दख्खन पुण्याला आणि चूल रियुनियनला, हे कसे? चूल फारशी हलली नाही, वरचा तवा सरकला. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे गेला आणि मागे खुणांची माळ राहिली: लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस, रियुनियन. उत्तरेकडची टोके जुनी, दक्षिणेकडची नवी. मॉरिशस एक कोटी वर्षांचेही नाही, रियुनियन त्याहून लहान. लक्षद्वीप आणि मालदीव वरून प्रवाळाचे दिसतात, पण त्यांच्या खाली ज्वालामुखीची रांग आहे.

यावर कार्यपत्रिकेत एक गणित घालता येते, आणि ते मुलांनी ॲटलास उघडूनच करावे. पुणे १८.५ अंश उत्तरेला, रियुनियन २१ अंश दक्षिणेला. बेरीज ३९.५ अंश. एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४,४०० किलोमीटर. त्याचे सेंटिमीटर केले तर ४४ कोटी. ते ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागायचे. उत्तर येते वर्षाला साडेसहा सेंटिमीटरच्या थोडे वर. खालची चूलही काही प्रमाणात सरकली असल्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. पण त्याची गंमत पुढच्या ओळीत आहे. आज भारताचा भूपट्ट वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. मग सरासरी आजच्या वेगापेक्षा जास्त का? कारण दख्खनचा लाव्हा पसरला त्या काळात तो वर्षाला १५ सेंटिमीटरच्या घरात धावत होता. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला जाऊन धडकला आणि त्याचा वेग पडला. एका भागाकारातून टक्कर बाहेर येते. असा प्रश्न परीक्षेत क्वचितच दिसतो, हे खटकते.

आता त्याच बेसॉल्टचा पुढचा बाण. ब्रह्मगिरीवर, त्र्यंबकेश्वराच्या माथ्यावर, पावसाने एक कण सुटला असे धरू. त्याच्यातली खनिजे पाण्याने कुजत जातात आणि त्यांची चिकण माती होते. काही शेतात काळी जमीन म्हणून थांबते, काही गोदावरीबरोबर १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचते. तिथे ती साठत राहते, वरच्या गाळाच्या ओझ्याने खालचा गाळ दबतो, कणांमधून झिरपणारी खनिजे त्यांना सांधतात, आणि खडक होतो. काळी ओळ पूर्ण झाली.

आणि लाल ओळ? इथे प्रामाणिक उत्तर असे, की तूर्त काही होणार नाही. भारताचा पूर्व किनारा भूपट्टाची कड नाही. जमीन आणि पुढचा समुद्रतळ एकाच भूपट्टावर बसून एकत्र सरकत आहेत. गोदावरीचा गाळ तिथे पडून राहील, पुढे कधी भूपट्टांची मांडणी बदलेपर्यंत. खडकचक्राला वेळापत्रक नसते. गोल आकृतीतून मात्र वाटते, की प्रत्येक दगड रांगेत उभा आहे आणि त्याचा नंबर लागणारच.

ज्या गाळाचा नंबर लागला, तो बघायला हिमालयात जावे लागते. किंवा देव्हाऱ्यात. अनेक मराठी घरांत पूजेला असणारा शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातून येतो. त्या काळ्या गोट्यात जी चक्राची खूण असते, ती अमोनाईट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाची. हा प्राणी सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि आशिया यांच्या मधल्या टेथिस समुद्रात पोहत होता. मेल्यावर तळाच्या चिखलात पुरला गेला, त्याच्याभोवती चिखल घट्ट झाला. मग समुद्राच्या दोन्ही बाजू जवळ आल्या आणि तळाचा गाळ घड्या पडत वर उचलला गेला. एव्हरेस्टचा ८,८४८.८६ मीटरवरचा माथाही चुनखडकाचाच आहे, समुद्री जिवांच्या अवशेषांसकट. पाठ्यपुस्तकातले ‘वली पर्वत’ हे शब्द त्या गोट्यासमोर एकदम खरे होतात. कार्यपत्रिकेचा हा प्रश्न दोन गुणांचा: शाळिग्राम कोणत्या चौकटीतला, आणि तो डोंगरात कसा? पहिल्याचे उत्तर ‘स्तरित’. दुसऱ्याचे उत्तर एका वाक्यात बसते, फक्त त्यात ‘टक्कर’ हा शब्द आला पाहिजे.

टकरीत सगळेच वर आले नाही. पुष्कळसा खडक खाली दाबला गेला, तापला आणि बदलला: चिखलाच्या खडकाचा अभ्रकाने चमकणारा शिस्ट झाला, चुनखडकाचा संगमरवर. इथे उत्तरपत्रिकांतली सर्वांत मोठी चूक असते. मूल लिहिते, ‘उष्णतेमुळे खडक वितळून रूपांतरित खडक तयार होतो.’ वाक्य गुळगुळीत आहे आणि एका शब्दाने बुडाले आहे. वितळला तर तो शिलारस झाला आणि पुढे अग्निज. रूपांतर घन अवस्थेतच होते. पाव भट्टीत भाजला जातो, वितळत नाही, तसे. शिक्षकाने या वाक्यातला ‘वितळून’ फक्त अधोरेखित करावा आणि मुलालाच दुसरा शब्द शोधू द्यावा.

भाजण्याची हद्द ओलांडली की मात्र वितळणे आलेच, आणि हिमालयात तेही झाले. गंगोत्रीच्या वर गोमुखाकडे जाणाऱ्यांना जे शिवलिंग शिखर दिसते, ते फिकट ग्रॅनाईटचे आहे. टकरीत जाड झालेल्या भूकवचाच्या आत रूपांतरित खडक थोडे वितळले, त्यांचा शिलारस आतच गोठला, आणि नंतर वरचा डोंगर झिजून तो उघडा पडला. हे घडले दोन-अडीच कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या खडीपेक्षा हा ग्रॅनाईट पुष्कळ तरुण. ग्रॅनाईट म्हणजे जुनाच, ही समजूतही इथे गळून पडते.

तरीही हिमालयाच्या रांगेत धुमसणारा ज्वालामुखी नाही. का, हा या कार्यपत्रिकेतला सर्वांत चांगला लघुत्तरी प्रश्न. ‘तिथे थंडी आहे म्हणून’ असे उत्तर येते, हसू नये. उत्तर अंदमानात आहे. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी १९९१ साली दीर्घ झोपेतून जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून उसळत राहिला आहे. तिथे भारताच्या बाजूचा समुद्रतळ शेजारच्या भूपट्टाखाली खचतो. समुद्रतळाच्या खडकात पाणी मुरलेले असते, ते खोलवर सुटते आणि वरच्या प्रावरणात शिरते. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकले की बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो. पाण्याने खडकाचे तसेच होते, त्याला वितळायला कमी उष्णता पुरते. हिमालयात समुद्रतळ केव्हाच संपला. आता दोन खंड समोरासमोर आहेत, दोन्ही जाड, दोन्ही हलके, कोणीही सहज बुडत नाही. पाणी नेणारा समुद्रतळ नाही, म्हणून वर ओकणारी तोंडे नाहीत.

एवढे झाल्यावर आकृती काढायला हरकत नाही. वहीचे पान आडवे धरावे. चौकटी सहा: प्रावरण, शिलारस, अग्निज, गाळ, स्तरित, रूपांतरित. गोल करू नये, जागा मिळेल तिथे मांडाव्यात. बाणांवरची नावे अशी:

प्रावरण → शिलारस. काळी: थोडा भाग वितळणे. लाल: भूपट्ट दूर सरकणे, तप्त स्तंभ, किंवा खचणाऱ्या समुद्रतळाचे पाणी.

शिलारस → अग्निज. काळी: गोठणे, वर भराभर, आत सावकाश. लाल: बॅरन बेट, दख्खन, शिवलिंग यांपैकी एक ठिकाण.

कोणताही खडक → गाळ. काळी: विदारण, झीज, वहन. लाल: भूपट्टांच्या टकरीने किंवा इतर कारणाने उंचावलेली जमीन.

गाळ → स्तरित. काळी: दाब आणि सांधणारी खनिजे. लाल: खचत जाणारा समुद्रतळ किंवा खोरे.

कोणताही खडक → रूपांतरित. काळी: उष्णता आणि दाब, न वितळता. लाल: टक्कर, किंवा भूपट्टाबरोबर खोल जाणे.

रूपांतरित → शिलारस. काळी: वितळणे. लाल: जाड झालेले भूकवच.

‘कोणताही खडक’ हे दोन बाण तीन-तीन चौकटींतून निघतात, त्यामुळे पान थोडे गिचमिड दिसते. दिसू द्यावे. रूपांतरित खडकातून निघून रूपांतरितकडेच परतणारा बाण पाहून मुले दचकतात, पण तो बरोबर आहे. शिस्ट आणखी तापला तर नाईस होतो. तपासताना एक खूण पुरते. आकृतीवर बोट ठेवून ‘हा बाण कुठे घडताना दाखव’ म्हणावे. ठिकाणाचे नाव आले तर समजले आहे, व्याख्या आली तर पाठ आहे.

आणखी एक प्रश्न हुशार मुलांसाठी ठेवावा. कोयनेला १९६७ साली मोठा भूकंप झाला, धरणाच्या परिसरात अजूनही धक्के बसतात. ते समजून घेण्यासाठी तिथे खोल विंधण घेतले गेले. सुमारे ९३० मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाईटसारखा जुना पायाचा खडक लागला, अडीच अब्ज वर्षांहून जुना. मध्ये स्तरित खडकाचा थर नाही. खालचा खडक अडीच अब्ज वर्षांचा, त्यावर टेकलेला साडेसहा कोटींचा. मधल्या काळात तिथे काय झाले असावे? ‘काहीच नाही’ याला शून्य. गाळ साचलाच नाही, किंवा साचून झिजून गेला, यांपैकी एक कारण दिले तर पूर्ण गुण. बाण गाळापर्यंत जाऊन मागे फिरू शकतो, हे ज्याने ‘कोणताही खडक’ हा बाण मन लावून काढला त्यालाच सुचते.

टेबलाच्या कडेचा जांभा तसाच राहिला. तो बेसॉल्टपासून झाला, पण वितळला नाही, वाहून गेला नाही, दाबातही सापडला नाही. कोकणातल्या धो धो पावसाने बेसॉल्टमधले विरघळणारे सगळे जागच्या जागी धुऊन नेले आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. तांबडा रंग त्या लोखंडाचा. चिरेखाणीत तो ओला असताना हत्याराने सहज कापला जातो, उघड्यावर वाळला की घट्ट होतो. अग्निज म्हणावा तर त्याची खनिजे उरली नाहीत, स्तरित म्हणावा तर त्यात थर नाहीत, आणि रूपांतरित तर नाहीच. पुस्तकेही त्याला वेगवेगळ्या खणांत घालतात. शेवटच्या प्रश्नात तो कुठे ठेवायचा असे विचारावे आणि तुकडा खरोखर मुलांच्या हातात द्यावा. काही जण चौकटींवर फिरवत बसतील. जो तो खडक आणि गाळ यांच्या मधल्या बाणावर, ‘विदारण’ या शब्दाच्या डोक्यावर ठेवील, त्याचे बरोबर.